रुमालाखालचा आकडा

माझे थोरले काका आठवडी बाजारात बैल विकावयास निघाले म्हणजे मला बरोबर नेत, आणि त्या बाजारात पाहिलेला एक सौदा या पुस्तकाच्या विषयाशी इतका निगडित आहे की, प्रस्तावना लिहावयास बसताना प्रथम तोच डोळ्यांसमोर उभा राहिला. काका आणि गिऱ्हाईक लिंबाच्या सावलीत समोरासमोर उकिडवे बसले होते; दोघांच्या हातांवर काकांच्या खांद्यावरचे उपरणे टाकलेले होते; आणि त्या कापडाखाली गिऱ्हाईक काकांची बोटे धरून आकडा सुचवीत होते. किती बोटे धरली त्यावरून संख्या समजे, आणि ती शेकड्याची की दहाची हे तोंडाने सांगितले जाई. भोवती दहाबारा माणसे उभी होती. त्यांना ‘शेकडे’ आणि ‘वरचे दहा’ एवढे शब्द ऐकू येत, पण आकडा कळत नसे. काकांनी साडेतीनशे सांगितले होते, गिऱ्हाइकाने अडीचशेपासून सुरुवात केली होती, आणि अर्ध्या तासाच्या ओढाताणीनंतर गाडे तीनशे दहावर येऊन थांबले. त्या वेळी गिऱ्हाइकाने हात न काढताच काकांच्या तोंडाकडे पाहून विचारले, “पाटील, जनावरात काही खोड असली तर आत्ताच सांगा. तुम्ही बोलला न्हाई, तर न्हाईच म्हणून मी धरून चालतो.”

काका घटकाभर गप्प राहिले. मग म्हणाले, “भरल्या गाडीला चढणीवर बसतो.”

हात सुटले, उपरणे झटकले गेले, आणि सौदा पुन्हा आरंभापासून सुरू होऊन शेवटी दोनशे पंचाहत्तरांवर तुटला. पस्तीस रुपये काकांनी एका वाक्यात घालविले असे तेव्हा मला वाटले, आणि त्या पस्तीस रुपयांचा हिशेब करता करताच वाटाघाटीतील नीती या विषयाकडे मी वळलो, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या अर्ध्या तासात काका खरे बोलत नव्हते. “तीनशे चाळीसाच्या खाली एक आणा उतरणार नाही” असे त्यांनी निदान तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा ते उतरले. गिऱ्हाईकही “एवढे पैसे कनवटीला नाहीतच” म्हणून दोनदा उठले आणि दोन्ही वेळा परत बसले. काकांच्या मनातला शेवटचा आकडा, म्हणजे ज्याच्या खाली बैल परत घरी नेणे त्यांना पत्करले असते तो, दोनशे सत्तर होता. हे त्यांनी वाटेत मला सांगितले होते. गिऱ्हाइकाची वरची मर्यादा, ते नंतर हसत बोलून गेले त्याप्रमाणे, तीनशे तीस होती. या दोन आकड्यांमध्ये साठ रुपयांचा पट्टा होता, त्यातल्या कोणत्याही रकमेवर सौदा ठरता तर दोघांचाही फायदाच होता, आणि त्या साठांतले कोणाला किती मिळावेत एवढ्याचसाठी ती सारी हूल, ते उठणे-बसणे आणि ते तोंडे वाकडी करणे चालले होते. हूल हा शब्द मी मुद्दाम योजतो. कारण कुस्तीत डाव एकीकडे दाखवून दुसरीकडे टाकणाऱ्या मल्लाला कोणी लबाड म्हणत नाही, आणि ज्याला हूल दिली त्यालाही ती मिळणार हे आखाड्यात उतरण्यापूर्वीच ठाऊक असते. उपरण्याचे तसेच आहे. ते काहीतरी झाकते खरे, पण आपण झाकीत आहोत हे सर्वांदेखत सांगून झाकते. विक्रेत्याच्या मनातला आकडा कापडाखाली आहे हे ज्याला दिसते, त्याची त्या आकड्यापुरती फसवणूक होत नाही.

आता बैल बसतो ही गोष्ट त्याच पट्ट्याला लावून पाहावी. ती कळल्यावर गिऱ्हाइकाची वरची मर्यादा तीनशे तीसवरून दोनशे ऐंशीवर आली. म्हणजे काका गप्प राहिले असते आणि तीनशे दहाला सौदा झाला असता, तर गिऱ्हाइकाने आपल्या खऱ्या मर्यादेपेक्षा तीस रुपये अधिक मोजले असते. हुलीने साठ रुपयांची वाटणी होत होती. या मौनाने मात्र मुळात नसलेला पट्टा आहे असे भासविले असते. वाटणीत कमी पडले तरी मनुष्य सौद्यातून काही मिळवूनच उठतो. खोट्या पट्ट्यावर झालेल्या सौद्यातून तो तोटा घेऊन उठतो आणि उठताना त्याला त्याचा पत्ताही नसतो. या पुस्तकातील बहुतेक प्रकरणे या भेदाभोवती फिरतात, म्हणून तो आरंभीच या किरकोळ रकमेच्या आधाराने मांडला आहे.

काकांना ठाऊक नसले तरी गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न हिंदुस्थानच्या कायद्यात जवळजवळ त्याच स्वरूपात लिहिलेला आहे. १८७२ च्या करार अधिनियमातील सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे, आणि नुसते मौन म्हणजे कपट नव्हे असे सांगून तेथे चार दृष्टांत दिले आहेत. पहिल्यात एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. दुसऱ्यात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तेथे नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो की तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि विकणारा गप्प बसतो. येथे मौन हेच बोलणे ठरते. चौथ्यात दोघेही व्यापारी आहेत आणि एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे. ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाही. कायद्याची पुस्तके रूक्ष असतात असा समज आहे, परंतु हे चार दृष्टांत मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला त्यांत माणसांची तोंडे दिसली आहेत. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. बदलतात ती फक्त समोरची व्यक्ती आणि तिने विचारलेला प्रश्न, आणि तेवढ्याने एकच मौन एकदा निर्दोष आणि एकदा कपट ठरते. मौन प्रामाणिक आहे की नाही हे मौनाकडे पाहून सांगता येत नाही. त्याच्या आधी काय बोलणे झाले आणि समोरच्याने कशावर भिस्त ठेवली होती हे पाहावे लागते.

गप्प राहणे वेगळे आणि झाकणे वेगळे, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे, कारण व्यवहारात या दोहोंची सरमिसळ फार होते आणि ती करणारास सोयीची असते. गाईबैलांच्या शिंगांवर वयाप्रमाणे वळी उठतात. बाजारास नेताना शिंगांना तेल चोपडणे, हिंगूळ लावणे, झूल घालणे हे सर्वच करतात, आणि पाहणारालाही ते कळते. नवरी नटविली म्हणून कोणी तिच्या बापावर फिर्याद करीत नाही. पण शिंगे कानशीने तासून वळी घालविणे आणि मग वरून तेल लावणे ही दुसरी जात झाली. तेथे विक्रेता गप्प नाही. त्याने शिंगाकडून खोटे वदविले आहे. पावसाळ्यापूर्वी भिंतीतील भेगेत चुना भरून वर सफेदी देणारा घरमालक याच जातीचा. सतराव्या कलमात वस्तुस्थिती कृतीने झाकणे हा कपटाचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्यापुढील एकोणिसाव्या कलमात त्याचा एक परिणाम आहे तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. घेणाराने साधारण दक्षता बाळगली असती तर सत्य समजले असते, सबब करार रद्द होणार नाही, हा बचाव असत्य कथन आणि कपटी मौन यांच्यापुरता दिलेला आहे. जाणूनबुजून केलेल्या झाकाझाकीला तो लागू पडत नाही. “दात पाहिले असतेस तर वय कळले असते” असे शिंगे तासणाऱ्याला म्हणता येत नाही. दात पाहणे हे गिऱ्हाइकाचे काम खरेच आहे. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे ज्याला ओळखता येत नाही त्याने एकट्याने बैलबाजारात जाऊ नये. पण त्याची नजर चुकावी म्हणून ज्याने कानस चालविली, त्याला त्या नजरेच्या कमतरतेचा आधार घेता येऊ नये, हे कोणत्याही गावच्या पंचाला पटेल.

कायद्याचे तिसरे आणि चौथे दृष्टांत कागदावर वेगवेगळे बसले आहेत. पण एकदा ते एकाच माणसाच्या अंगावर एकदम चालून आले, आणि तो प्रसंग, परदेशचा असला तरी, विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १८१५ च्या आरंभी इंग्लंड आणि अमेरिका यांचे युद्ध चालू होते, इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीमुळे न्यू ऑर्लीन्स बंदरातील तंबाखूला उठाव नव्हता आणि भाव पडलेले होते. वास्तविक २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जममधील गेंट येथे तहावर सह्या झाल्या होत्या, परंतु ती वार्ता समुद्र ओलांडून यावयाची होती. १९ फेब्रुवारीच्या रविवारी, ती गावात जाहीर होण्यापूर्वी, ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला ती इंग्रजी आरमाराकडून परतलेल्या मंडळींच्या मार्फत समजली. तो भल्या सकाळी लेडलॉ आणि कंपनी या पेढीकडे गेला आणि आदल्या दिवशी बोलणे चालू असलेला १११ पिंपे तंबाखूचा सौदा त्याने पुरा केला. पेढीच्या माणसाने त्याला विचारले की, मालाचा भाव वाढेल अशी काही बातमी आहे काय? ऑर्गन काही बोलला नाही. थोड्याच वेळात तहाची पत्रके गावभर वाटली गेली आणि तंबाखूचा भाव शेकडा तीस ते पन्नास चढला. पेढीने माल दिलेला असूनही तो जबरीने परत ताब्यात घेतला, ऑर्गनने दावा लावला, आणि १८१७ साली मामला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांच्यापुढे आला.

मार्शल यांचा निवाडा अगदी आटोपशीर आहे. केवळ घेणारालाच ठाऊक असलेली बाहेरची परिस्थिती विकणाऱ्यास सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे त्यांनी एकीकडे म्हटले. आणि दुसरीकडे असेही म्हटले की, समोरच्याची दिशाभूल होईल असे काही बोलण्यापासून वा करण्यापासून प्रत्येकाने जपले पाहिजे. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीला ऑर्गनच्या बाजूने निकाल देण्यास फर्माविले होते ते चूक ठरविले गेले, आणि दिशाभूल झाली की नाही हे ज्यूरीने ठरवावे म्हणून खटला परत पाठविला गेला. पुष्कळ लेखक या निवाड्याचा पहिला अर्धा भाग उद्धृत करून थांबतात आणि बातमीदार व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली असे सांगतात. मला तो दुसऱ्या अर्ध्यासकट वाचल्यावाचून पुरा वाटत नाही. ऑर्गन पहाटे उठला, त्याने बातमी मिळविण्याची खटपट केली, त्या खटपटीचे फळ त्याला मिळावे, येथपर्यंत मी त्याच्या बाजूचा आहे. पण प्रश्न विचारला गेला त्या क्षणी त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: खरे सांगावे, “बातमीचे मी बोलणार नाही, माल द्यावयाचा तर द्या” असे उघड म्हणावे, किंवा गप्प राहून ‘काही नाही’ असे समजू द्यावे. दुसरी वाट काकांच्या उपरण्यासारखी आहे; काहीतरी झाकलेले आहे हे ती दाखविते, आणि पेढीवाला त्यावरून सावध होऊ शकला असता. ऑर्गनने तिसरी धरली. ती धरली याचे कारण उघड आहे: दुसरी धरली असती तर तंबाखू त्या भावाने मिळाला नसता. ज्या मौनाची किंमत ते मौन म्हणून ओळखू न येण्यातच आहे, ते मौन चौथ्या दृष्टांतातून निसटून तिसऱ्यात जाते, असे मला वाटते.

याहून अवघड ठिकाण एकच आहे, आणि तेथे वर सांगितलेला पट्ट्याचा हिशेबही अपुरा पडतो. ते म्हणजे कल्पित तिसरे गिऱ्हाईक. “कालच एकजण तीनशे वीस देऊन जात होता” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी मनुष्य सापडणार नाही. त्याने बैलाचे गुणदोष बदलत नाहीत, गिऱ्हाइकाची खरी मर्यादा बदलत नाही. केवळ वाटणी बदलते. मग ही हूलच का नव्हे? १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. जागेच्या मालकाने भाडेकरूला सांगितले की, वर्षाला १०,००० डॉलर देणारा दुसरा माणूस तयार आहे. भाडेकरूने जागा जाऊ नये म्हणून भाडे वाढवून नवा करारनामा केला. आणि पुढे कळले की त्या माणसाने तसा देकार दिलाच नव्हता. जुना दंडक असा होता की ही विक्रेत्याची नेहमीची बडबड आहे, तिच्यावर विसंबणाऱ्याने स्वतःलाच दोष द्यावा. न्यायालयाने तो बाजूस सारून भाडेकरूचा दावा चालण्यासारखा आहे असे ठरविले. माझ्या मते हे योग्य झाले, आणि त्याचे कारण असे की, ‘मी यापेक्षा खाली येणार नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनाविषयी आहे, ते मन तो घटकेत बदलू शकतो, आणि ऐकणारा त्याला तेवढीच किंमत देतो. ‘दुसऱ्याने इतके दिले’ हे वाक्य जगात घडलेल्या गोष्टीविषयी आहे, आणि ती गोष्ट घडली की नाही हे पडताळण्याचे साधन ऐकणाऱ्याच्या हाती नसते. अमेरिकेतील वकिलांच्या आचारनियमांतही, असत्य कथनास मनाई करताना, किंमतीचा अंदाज आणि तडजोडीस पक्षकार कोठवर तयार आहे हा त्याचा इरादा, या गोष्टी सामान्यतः वस्तुस्थितीची विधाने समजल्या जात नाहीत असा खुलासा जोडलेला आहे.

त्या खुलाशातील ‘सामान्यतः’ या शब्दावर मात्र डोळा ठेवला पाहिजे. आमच्याकडे कोणी शेवटचा आकडा सांगताना बेलभंडार उचलला, किंवा मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, तर त्याने आपले वाक्य हुलीच्या मुलखातून आपण होऊन बाहेर काढले असे होते. इतका वेळ ऐकणारा त्याच्या बोलण्यातून चार आणे वजा करीत होता; आता वजाबाकी करू नकोस असे त्याने सांगितले. त्यानंतर तो आकडा खोटा निघाला तर ती हूल राहत नाही, मग तो आकडा स्वतःच्या मनाचा का असेना.

आणि उपरण्याचीही एक काळी बाजू आहे ती लपवून ठेवणे या प्रस्तावनेला शोभणार नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर असले तोवर ते कापड निरुपद्रवी असते; मधे दलाल आला की दोन कापडे होतात. दलाल एका हाताला तीनशे सांगतो, दुसऱ्याला दोनशे साठ, आणि मधले चाळीस कोणाच्याही हिशेबात येत नाहीत. शेतकऱ्याला वाटते की आपल्यापासून आकडा झाकला आहे तो गिऱ्हाइकाचा. वस्तुतः झाकलेला असतो तो आपल्याच माणसाचा. ज्याच्यावर आपण काम सोपविले त्याच्याशी आपण घासाघीस करीत नसतो, म्हणून त्याने आपल्याला हूल देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे पहिले खोटे अक्षर हेच कपट होय. शेतमालाच्या बाजारांतील असल्या गुप्त सौद्यांविरुद्ध तक्रारी पुष्कळ जुन्या आहेत, आणि १९३९ च्या मुंबई कायद्याने व पुढे महाराष्ट्राच्या कायद्याने ज्या नियंत्रित बाजारपेठा उभ्या राहिल्या त्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला त्याचे एक कारण हेच होते. माझ्या लहानपणच्या त्या कापडाविषयी मला कितीही ममत्व असले, तरी अडत्याच्या हातातून ते काढून घेतले हे चांगलेच झाले.

परतीच्या वाटेवर मी काकांना विचारले होते की, त्या गिऱ्हाइकाने विचारले नसते तर तुम्ही सांगितले असते काय? काकांनी चालता चालताच उत्तर दिले, “न्हाई. जनावर त्याच्या म्होरं उभं होतं. गाडी जुंपून बघायची त्याला मुभा होती.”

हे उत्तर करार अधिनियमाच्या पहिल्या दृष्टांताशी अक्षरशः जुळते, आणि तरीही मी त्या उत्तरापाशी आजवर अडून राहिलो आहे. याच देशात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, आणि त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे घर वा जमीन विकणाऱ्याने, विचारले नसतानाही, जो महत्त्वाचा दोष साधारण काळजीने पाहूनही घेणाराला दिसला नसता तो सांगितलाच पाहिजे; मालमत्तेतील विक्रेत्याच्या हक्काच्या स्वरूपाविषयी किंवा व्याप्तीविषयी, जिच्यामुळे तिची किंमत पुष्कळ वाढते अशी काही गोष्ट घेणारालाच ठाऊक असेल आणि विकणाराला नसेल, तर घेणारानेही ती सांगितली पाहिजे; आणि न सांगणे हे तेथे कपट मानले आहे. म्हणजे भिंतीतल्या दडलेल्या भेगेविषयी बोलण्याचे बंधन आहे आणि चढणीवर बसणाऱ्या बैलाविषयी नाही. बैलाला गाडीस जुंपून पाहता येते, भिंत फोडून पाहता येत नाही, हे त्याचे समर्थन मी जाणतो. परंतु त्या बाजाराच्या मैदानात चढण नव्हती, रिकाम्या गाडीला तो बैल उत्तम चालत असे, आणि काकांना हे त्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते.